पासवर्ड घातलेल्या पीडीएफ आणि झिप फाइली : पतसंस्थेच्या खातेउताऱ्यांच्या कामातील प्रकल्प नोंदी

३ एप्रिल २०२५

आर्थिक वर्ष संपल्यामुळे पतसंस्थेच्या सभासदांना वार्षिक खातेउतारे ई-मेलने पाठवायचे आहेत आणि सर्व उताऱ्यांचा एक संच झिप करून लेखापरीक्षकांकडे द्यायचा आहे. गेल्या वर्षीपर्यंत लेखा-सॉफ्टवेअरमधून निघणारी पीडीएफ सभासदाच्या जन्मतारखेचा पासवर्ड लावून जात असे, आणि लेखापरीक्षकांची झिप एका ठरलेल्या पासवर्डने बंद केली जात असे. व्यवस्थापक साहेबांनी मला विचारले आहे की ही फाइल चुकून भलत्याच माणसाच्या हाती पडली, तर तिच्यातील मजकूर खरोखर सुरक्षित राहील काय, आणि नसेल तर काय बदलावे. उत्तर अंदाजाने द्यायचे नाही, तपासून द्यायचे आहे, म्हणून या नोंदी ठेवत आहे. कोणतीही चाचणी सभासदांच्या खऱ्या फाइलींवर करणार नाही. त्याच पद्धतीने तयार केलेल्या, पण काल्पनिक नावे व रकमा असलेल्या फाइली वापरीन.

तपास सुरू करण्यापूर्वी एक मूलभूत फरक लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नेटबँकिंगचा पासवर्ड काही वेळा चुकला की बँकेचा सर्व्हर खाते बंद करतो. पासवर्ड घातलेल्या फाइलीला असा कोणी राखणदार नसतो. फाइल ज्याच्या संगणकावर आहे त्याला हवे तितक्या वेळा, हव्या त्या वेगाने पासवर्ड लावून पाहता येतो आणि त्याची कोठेही नोंद होत नाही. म्हणून अशा फाइलीबाबत तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात : मजकूर कोणत्या पद्धतीने कूटबद्ध केला आहे, एक पासवर्ड तपासायला संगणकाला किती श्रम पडतात, आणि शक्य असलेले पासवर्ड एकूण किती आहेत.

४ एप्रिल २०२५

प्रथम पीडीएफ. पीडीएफला दोन पासवर्ड असू शकतात. पहिला फाइल उघडण्यासाठी लागतो. दुसरा मालकाचा पासवर्ड. छपाई, मजकूर कॉपी करणे, बदल करणे यांवरील बंधने तो ठरवतो. संस्थेच्या काही परिपत्रकांना केवळ दुसरा पासवर्ड लावलेला आहे, आणि कार्यालयातील सर्वांची समजूत अशी आहे की त्या फाइली 'लॉक' आहेत.

ती समजूत टिकत नाही. अशी फाइल कूटबद्ध असते हे खरे, परंतु ती उघडण्याचा पासवर्ड रिकामा असतो. दुहेरी क्लिक केल्यावर फाइल कोणताही प्रश्न न विचारता उघडते, याचा अर्थच असा की मजकूर उलगडण्यासाठी लागणारी किल्ली वाचकाच्या प्रोग्रामला रिकाम्या पासवर्डातून मिळालेली आहे. त्यानंतर 'छपाई करू नये' ही सूचना पाळायची की नाही हे पूर्णपणे त्या प्रोग्रामच्या मर्जीवर असते. `qpdf` हा मोफत प्रोग्राम अशी फाइल बंधनांशिवाय पुन्हा लिहून देतो, आणि त्यासाठी मालकाचा पासवर्ड शोधण्याची गरजच पडत नाही. चाचणीसाठी केलेल्या परिपत्रकावर मालकाचा पासवर्ड मुद्दाम खूप लांब ठेवला होता. परिणामात काहीही फरक पडला नाही. त्यामुळे ही बंधने गोपनीयतेच्या हिशेबात धरायची नाहीत असे ठरवले.

५ एप्रिल २०२५

आता उघडण्याचा पासवर्ड असलेले उतारे. ते कोणत्या पद्धतीने कूटबद्ध होतात हे पाहण्यासाठी पुढील आज्ञा वापरली.

```
qpdf --show-encryption --password=01011970 utara.pdf
```

उत्तरातील पहिल्याच ओळीत `R = 3` असे आले. `R` म्हणजे पीडीएफच्या मानक सुरक्षा-पद्धतीची आवृत्ती. २ म्हणजे ४० बिटांची आरसी-४ पद्धत, आणि तिथे पासवर्ड कितीही चांगला असला तरी किल्लीच इतकी आखूड आहे की सर्व किल्ल्या तपासून पाहता येतात. ३ म्हणजे १२८ बिटांपर्यंतची आरसी-४, आणि ४ मध्ये एईएस-१२८ ही अधिक बळकट कूटलेखन-पद्धत वापरता येते. ५ आणि ६ या दोन्हींत एईएस-२५६ आहे, तरीही त्या दोहोंत मोठे अंतर आहे.

ते अंतर समजून घेणे आवश्यक आहे, कारण सॉफ्टवेअरच्या जाहिरातींत फक्त '२५६ बिट' एवढेच लिहिलेले असते. आवृत्ती ३ आणि ४ मध्ये पासवर्डापासून किल्ली करताना एमडी-५ हे गणित ५१ वेळा केले जाते आणि पासवर्ड बरोबर आहे का हे पाहताना आरसी-४ आणखी २० वेळा चालते. हे श्रम आजच्या संगणकाला किरकोळ वाटतात, पण ते मुद्दाम घातलेले आहेत. २००८ मध्ये अॅक्रोबॅट ९ बरोबर आवृत्ती ५ आली. तिच्यात कूटलेखन अधिक बळकट झाले, मात्र पासवर्डाची तपासणी एसएचए-२५६ या एमडी-५ सारख्याच गणिताच्या एकाच फेरीवर आणली गेली. परिणामी, मजकुराचे कूटलेखन मजबूत असूनही पासवर्डांचे अंदाज लावून पाहणे जुन्या आवृत्तीपेक्षा अधिक जलद झाले. आवृत्ती ६ मध्ये ही उणीव दूर केली गेली : किमान ६४ फेऱ्या, प्रत्येक फेरीत एईएसने मोठा मजकूर कूटबद्ध करणे आणि त्याच्या निकालानुसार एसएचएच्या तीन प्रकारांपैकी एक निवडणे, अशी ती रचना आहे. पीडीएफ २.० या २०१७ च्या आयएसओ मानकात हीच आवृत्ती आहे. म्हणून फाइल तपासताना बिटांचा आकडा न बघता `R` चा आकडा बघायचा.

७ एप्रिल २०२५

आजचा दिवस जन्मतारखेच्या पासवर्डाला दिला, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे.

दिवस, महिना आणि वर्ष असे आठ अंक असलेला पासवर्ड दिसायला दहा कोटी शक्यतांचा वाटतो. प्रत्यक्षात १९२६ ते २०२५ या शंभर वर्षांत केवळ ३६,५२५ तारखा आहेत. सभासद प्रौढच असतात हे लक्षात घेतले तर यादी आणखी आखूड होते. संगणकाने सेकंदाला फक्त एक हजार पासवर्ड तपासले, आणि आवृत्ती ३ साठी हा वेग अगदीच सावकाश आहे, तरी संपूर्ण यादी ३७ सेकंदांत संपते. काल्पनिक उताऱ्यावर सर्व तारखांची यादी चालवून पाहिली. कार्यालयातील जुन्या संगणकावर तो एका मिनिटाच्या आत उघडला.

इथे स्वाभाविकपणे वाटते की आवृत्ती ६ वापरल्यास प्रश्न सुटेल. तसे होत नाही. आवृत्ती ६ ची तपासणी इतकी संथ धरली की सेकंदाला अवघे १०० पासवर्ड पाहता येतात, तरी ३६,५२५ तारखांना सहा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. संथ तपासणी अंदाजांच्या संख्येला गुणते. ती संख्याच लहान असेल तर गुणाकारही लहानच राहतो. शिवाय जन्मतारीख ही गुपित नसतेच. नातेवाइकांना ती ठाऊक असते, वाढदिवसाच्या शुभेच्छांतून दिवस आणि महिना कळतो, आणि मग उरतात जेमतेम सत्तर-ऐंशी वर्षे.

हाच हिशेब ओळखपत्रांच्या फाइलींनाही लागू पडतो, आणि त्या आमच्या कार्यालयात केवायसीसाठी रोज येतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष, हा नियम आधार प्राधिकरणाने स्वतःच सर्वांसाठी जाहीर केलेला आहे. नाव माहीत नसलेल्या माणसासाठी २६ अक्षरांच्या चार जागा, म्हणजे ४,५६,९७६ रचना, गुणिले शंभर वर्षे, अशा सुमारे साडेचार कोटी शक्यता होतात. सेकंदाला दहा हजार या वेगाने त्या सव्वा तासात संपतात. मात्र फाइलीच्या किंवा ई-मेलच्या नावातच सभासदाचे नाव असते, आणि तेव्हा शक्यता शंभरच राहतात, ज्या माणसाला हातानेही तपासता येतील. असा पासवर्ड चुकून दुसऱ्याची फाइल उघडणाऱ्याला थांबवतो, आणि तेवढे काम तो नीट करतो. फाइलीत काय आहे हे मुद्दाम पाहू इच्छिणाऱ्याला तो थांबवत नाही. म्हणून केवायसीसाठी आलेल्या अशा फाइली 'पासवर्ड आहे' या भरवशावर सामायिक फोल्डरमध्ये पडू देऊ नयेत, अशी स्वतंत्र सूचना कार्यालयाला लिहून दिली.

९ एप्रिल २०२५

झिपकडे वळलो. लेखापरीक्षकांसाठीच्या झिपची रचना पाहण्यासाठी हे चालवले.

```
7z l -slt lekha.zip
```

या आज्ञेने पासवर्ड न विचारता प्रत्येक फाइलीचे नाव, मूळ आकार, तारीख आणि सीआरसी, म्हणजे मूळ मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, दाखवले. म्हणजे झिपला पासवर्ड असला तरी आतल्या फाइलींची नावे उघडीच असतात; आमच्या फाइलींच्या नावांत सभासद क्रमांक आणि आडनाव असल्याने सभासदांची यादी झिप न उघडताच वाचता येते. हे नव्या आणि जुन्या दोन्ही प्रकारच्या झिप-कूटलेखनात सारखेच आहे.

अधिक गंभीर गोष्ट पुढच्या ओळीत दिसली : `Method = ZipCrypto Deflate`. झिपक्रिप्टो ही झिपची मूळची, जुनी पद्धत आहे. जुनी झिप-साधने तिला ओळखतात म्हणून आजही अनेक प्रोग्राम, त्यात `7-Zip` सुद्धा, झिप करताना वेगळे सांगितले नाही तर तीच निवडतात. एली बिहाम आणि पॉल कोशर यांनी १९९४ मध्येच तिच्यावरील हल्ला प्रसिद्ध केला आहे, आणि त्या हल्ल्याचे वैशिष्ट्य असे की त्यात पासवर्डाचा अंदाज लावावाच लागत नाही.

झिपक्रिप्टो पासवर्डापासून ३२ बिटांच्या तीन अंतर्गत किल्ल्या तयार करते आणि त्यांच्या आधारे मजकुरावर एकेक बाइट झाकत जाते. झाकलेल्या मजकुराचा एखादा तुकडा मूळ रूपात आधीच माहीत असेल, तर गणित उलटे चालवून त्या तीन किल्ल्या मिळवता येतात. `bkcrack` या खुल्या प्रोग्रामला त्यासाठी १२ ज्ञात बाइट पुरतात, त्यांतील किमान ८ सलग असले की झाले. ज्ञात मजकूर जितका जास्त, तितके काम लवकर होते. एकाच पासवर्डाने बंद केलेल्या सर्व फाइलींच्या सुरुवातीच्या किल्ल्या एकच असतात, म्हणून एका फाइलीवरून मिळालेल्या किल्ल्या उरलेल्या सर्व फाइली उघडतात.

११ एप्रिल २०२५

वरील हल्ला आमच्या संचाला खरोखर लागू पडतो का, हे आज प्रत्यक्ष तपासले.

लेखापरीक्षकांच्या झिपमध्ये दरवर्षी उताऱ्यांसोबत सभासद नोंदणीचा कोरा अर्जही जातो, आणि तोच अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येतो. काल्पनिक उतारे आणि तो खरा कोरा अर्ज यांची एक चाचणी-झिप केली आणि तिला वीस यादृच्छिक अक्षरांचा पासवर्ड लावला, जो अंदाजाने सापडणे अशक्य आहे. मग पासवर्ड बाजूला ठेवून, केवळ ती झिप आणि संकेतस्थळावरील अर्ज एवढेच हाती आहे असे समजून काम केले.

पहिला प्रश्न असा की झिपमधला अर्ज आणि संकेतस्थळावरचा अर्ज अगदी एकच आहे हे कसे कळावे. त्याचे उत्तर झिप स्वतःच देते, कारण मूळ फाइलीचा आकार आणि सीआरसी दोन्ही उघडे असतात आणि ते जुळले. दुसरा प्रश्न थोडा नाजूक आहे. झिप आधी फाइल दाबून लहान करते आणि मग कूटबद्ध करते, त्यामुळे ज्ञात मजकूर म्हणजे मूळ अर्ज नव्हे, तर दाबलेला अर्ज, आणि दाबण्याची पद्धत वेगळी असेल तर बाइटही वेगळे येतात. मी अर्ज त्याच प्रोग्रामने, पासवर्डाशिवाय, नेहमीच्या पातळीवर दाबला. झिपक्रिप्टो प्रत्येक फाइलीपुढे १२ बाइटांचे शीर्ष जोडते, म्हणून कूटबद्ध फाइलीचा दाबलेला आकार माझ्या फाइलीपेक्षा नेमका १२ ने मोठा असेल तर दाबणी जुळली असे समजायला चांगला आधार मिळतो. तो आकार तसाच निघाला. त्यानंतर काही मिनिटांत तिन्ही किल्ल्या सापडल्या आणि सर्व काल्पनिक उतारे उघडले. वीस अक्षरांच्या पासवर्डाचा काडीचाही उपयोग झाला नाही.

कोरा अर्ज झिपमधून काढून टाकला की झाले, असा पर्याय व्यवस्थापक साहेबांनी सुचवला. तो पुरेसा नाही. न दाबता ठेवलेल्या अनेक फाइलींची सुरुवात ठरावीक असते, उदाहरणार्थ पीएनजी चित्राचे पहिले १६ बाइट प्रत्येक चित्रात सारखेच असतात. कोणत्या फाइलीत कोणता अंदाज लागू पडेल याची खात्री आपण देऊ शकत नाही, त्यामुळे झिपक्रिप्टो पूर्णपणे बंद करणे हाच मार्ग उरतो.

याच निमित्ताने कार्यालयातील एका जुन्या तक्रारीचा उलगडा झाला. चुकीचा पासवर्ड घातला तरी क्वचित झिप 'उघडते' आणि मग फाइल खराब असल्याचा संदेश येतो, असे दोघांनी सांगितले होते. झिपक्रिप्टो पासवर्ड तपासण्यासाठी सामान्यतः एकच बाइट पाहते, म्हणून साधारण २५६ चुकीच्या पासवर्डांतून एक सुरुवातीला मान्य होतो आणि चूक शेवटी सीआरसी न जुळल्यावर कळते. फाइल खराब झालेली नसते.

१५ एप्रिल २०२५

झिपमध्येच एईएस-२५६ निवडण्याची सोय आहे. आज्ञेत `-mem=AES256` लिहिले किंवा खिडकीतील यादीतून ते निवडले की होते. यावर ज्ञात मजकुराचा वरील हल्ला चालत नाही, आणि पासवर्डापासून किल्ली करताना पीबीकेडीएफ-२ च्या १,००० फेऱ्या होतात. हे नक्कीच चांगले आहे, पण फाइलींची नावे उघडीच राहतात. `7z` या स्वरूपात नावेही झाकता येतात, आणि तिथे किल्ली करण्यासाठी एसएचए-२५६ च्या ५,२४,२८८ फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक अंदाज कितीतरी महाग पडतो.

लेखापरीक्षकांना दोन्ही नमुने पाठवून पाहिले. त्यांच्या विंडोजमधील अंगभूत सोयीने एईएसची झिपसुद्धा उघडली नाही, `7-Zip` बसवावेच लागले. ते बसवायचेच असेल तर `7z` घेण्यात अडचण उरत नाही, हे त्यांनाही पटले.

```
7z a -t7z -mhe=on -p lekha-2025.7z utare/
```

`-p` पुढे पासवर्ड लिहिला नाही की प्रोग्राम तो विचारून घेतो, त्यामुळे तो आज्ञांच्या इतिहासात उमटत नाही. काम बरोबर झाले की नाही याची तपासणी सोपी आहे : `7z l lekha-2025.7z` केल्यावर यादी दाखवण्याआधीच पासवर्ड मागितला गेला पाहिजे. नावे दिसली तर `-mhe=on` राहून गेले आहे.

१७ एप्रिल २०२५

सभासदांच्या पासवर्डांचा निर्णय. जन्मतारीख सोडायची हे नक्की, पण बहुसंख्य सभासद वयस्क आहेत आणि पासवर्ड मोबाइलवर हाताने लिहावा लागतो, याचा विचार करणे भाग आहे. एकमेकांसारखी दिसणारी शून्य, एक आणि `i`, `l`, `o` ही अक्षरे वगळून २३ लहान इंग्रजी अक्षरे आणि ८ अंक, अशा ३१ चिन्हांतून संगणकाने निवडलेली १२ चिन्हे, चार-चारच्या तीन गटांत छापून द्यायची असे ठरले. याच्या शक्यता सुमारे ७.९ × १०^१७ होतात. सेकंदाला दहा लाख अंदाज, हा आवृत्ती ६ साठी सढळ हाताने धरलेला वेग, मानला तरी संपूर्ण यादीला सुमारे २५,००० वर्षे लागतील, आणि शंभरपट यंत्रणा लावली तरी अडीचशे वर्षे. हा हिशेब चिन्हे खरोखर यादृच्छिक असतील तेव्हाच खरा ठरतो. सभासदाचे नाव आणि पुढे १२३ असा बारा चिन्हांचा पासवर्ड यात बसत नाही.

देवनागरी पासवर्ड द्यावा अशी सूचना संचालकांपैकी एकांनी केली होती, आणि ती मनापासून तपासली. पीडीएफच्या आवृत्ती ६ मध्ये पासवर्ड यूटीएफ-८ मध्ये घेतला जातो आणि १२७ बाइटांपर्यंत चालतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने काना-मात्रा-वेलांट्या धरून सुमारे ४२ चिन्हे मावतात, म्हणजे अडचण नाही. आवृत्ती ४ पर्यंत मात्र पासवर्डाच्या अक्षरसंचात देवनागरी नाही, शिवाय ३२ बाइटांपुढचा भाग सरळ सोडून दिला जातो. झिपमध्ये पासवर्डाची अक्षरे कोणत्या पद्धतीने बाइटांत बदलायची याचा पक्का नियम नाही, त्यामुळे एका संगणकावर घातलेला देवनागरी पासवर्ड दुसरीकडे अमान्य होऊ शकतो. मोबाइलवरील वेगवेगळ्या कळफलकांचा प्रश्न त्याहून वेगळा. म्हणून तूर्त इंग्रजी अक्षरेच ठेवली.

१९ एप्रिल २०२५

पीडीएफ तयार करण्याची आज्ञा निश्चित केली.

```
qpdf --encrypt USER OWNER 256 -- in.pdf out.pdf
```

इथे एक धोका नीट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आवृत्ती ६ मध्ये फाइलीची खरी किल्ली यादृच्छिक असते आणि ती दोनदा झाकून ठेवलेली असते, एकदा उघडण्याच्या पासवर्डाने आणि एकदा मालकाच्या पासवर्डाने. मालकाचा पासवर्ड रिकामा सोडला तर रिकाम्या पासवर्डानेही किल्ली हाती येते, आणि सभासदाचा उत्तम पासवर्ड निरुपयोगी ठरतो. `qpdf` अशी फाइल करण्यास नकार देतो आणि `--allow-insecure` लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये तो पर्याय कधीही लिहायचा नाही आणि मालकाचा पासवर्ड प्रत्येक फाइलीसाठी वेगळा, यादृच्छिक घ्यायचा. लेखा-सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी `R = 6` ची सोय पुढच्या आवृत्तीत देऊ असे कळवले आहे. तोपर्यंत सॉफ्टवेअरमधून उतारे पासवर्डाशिवाय एका मर्यादित फोल्डरमध्ये काढायचे, तिथे ही आज्ञा चालवायची आणि मूळ फाइली काढून टाकायच्या.

२२ एप्रिल २०२५

पासवर्ड सभासदापर्यंत कसा पोहोचवायचा हे आज ठरले. त्याच ई-मेलमध्ये किंवा त्याच पत्त्यावरील दुसऱ्या ई-मेलमध्ये तो लिहायचा नाही, कारण ज्याच्या हाती मेलपेटी लागेल त्याला दोन्ही मिळतील. पासबुक भरायला सभासद खिडकीवर येतात, तेव्हा पासबुकाला जोडायची छापील चिठ्ठी द्यायची. जे येऊ शकत नाहीत त्यांना नोंदवलेल्या दूरध्वनीवर सांगायचा. लेखापरीक्षकांना त्यांचा पासवर्ड प्रत्यक्ष भेटीत दिला आहे.

गेल्या वर्षांत पाठवलेल्या फाइलींबाबत मात्र काही करता येत नाही. त्या आज ज्या ज्या मेलपेटीत आणि संगणकावर आहेत तिथे जुन्या जन्मतारखेनेच उघडतील. पाठवलेल्या प्रतीचा पासवर्ड मागाहून बदलण्याचा मार्ग नाही. सभासदांनी जुने मेल काढून टाकावेत, अशी विनंती नव्या उताऱ्यासोबतच्या पत्रात घातली आहे, आणि लेखापरीक्षकांनी मागील झिप फाइली आपल्याकडून नष्ट केल्याचे लेखी कळवले आहे. पहिल्या तुकडीतील प्रत्येक उताऱ्यावर `--show-encryption` चालवून `R = 6` आल्याची यादी व्यवस्थापक साहेबांकडे सहीसाठी दिली. ती परत आली की उरलेले उतारे रवाना होतील.